हवेतल्या कार्बनचा आलेख : चार पट्ट्या आणि एक राखाडी दांडी

2020 च्या लॉकडाउनमध्ये ‘पृथ्वी बरी होते आहे’ अशा पोस्टी सगळीकडे फिरत होत्या. हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेत त्या वर्षीच्या मे महिन्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड सुमारे 417 पीपीएम होता, म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे 417. सप्टेंबरमध्ये तो 411 ते 412 च्या आसपास आला. एवढे दोनच आकडे पाहिले तर लॉकडाउनने हवा धुतली असेच वाटेल. पण मे ते सप्टेंबर अशी पाच-सहा पीपीएमची घसरण मौना लोआवर दरवर्षीच होते. उत्तर गोलार्धातली जंगले आणि शेते उन्हाळ्यात पानांनी भरतात, हवेतला कार्बन ओढून घेतात आणि पानगळीनंतर तो परत सोडतात. प्रत्यक्षात मे 2020 चा आकडा हा तोवरच्या नोंदींतला सगळ्यात मोठा मासिक आकडा होता.

अशी फसगत टाळायची तर मासिक आकड्यांची मालिका तीन भागांत फोडावी लागते. पहिला भाग म्हणजे कल, संथपणे वर-खाली जाणारी मूळ दिशा. दुसरा हंगामी भाग, दर बारा महिन्यांनी तोच आकार घेऊन येणारा. या दोघांनी जे सांगितले नाही, ते तिसऱ्या भागात उरते. मौना लोआची 1959 ते 1997 या काळातली 468 महिन्यांची मालिका आर नावाच्या मोफत संगणक-भाषेत आधीपासूनच ठेवलेली असते. एका ओळीत तिचा आलेख निघतो :

```
plot(stl(co2, s.window = "periodic"))
```

पडद्यावर एकाखाली एक चार पट्ट्या येतात. सगळ्यात वर मूळ आकडे, मग हंगामी भाग, मग कल आणि तळाशी उरलेला भाग. हा आलेख नव्याने पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच चुकतो. चारही पट्ट्यांची उंची सारखी असते, त्यामुळे तळाची खडबडीत रेघ कलाच्या रेघेइतकीच मोठी भासते. मात्र प्रत्येक पट्टीचे माप वेगळे असते. मूळ आकडे 313 पासून जवळपास 367 पर्यंत चढतात, म्हणजे सुमारे 54 पीपीएमचा पल्ला. हंगामी भाग वर-खाली धरून सव्वासहाच्या आसपास आहे आणि उरलेला भाग बहुतेक महिन्यांत शून्याच्या अर्धा पीपीएम इकडे-तिकडे असतो. हे कळावे म्हणून उजव्या कडेला प्रत्येक पट्टीत एक उभी राखाडी दांडी काढलेली असते. चारही दांड्या पीपीएममध्ये अगदी सारख्याच लांबीच्या असतात. कलाच्या पट्टीत ती ठिपक्यासारखी दिसते आणि तळाच्या पट्टीत मोठी जागा अडवते. दांडी जितकी मोठी दिसेल, तितकी ती पट्टी जास्त फुगवून दाखवलेली आहे असे समजावे. मी हा आलेख उघडला की रेघांआधी दांड्या पाहतो.

आता माझ्या आवडीचा भाग, कल निघतो कसा. वरची आज्ञा त्यासाठी जरा गुंतागुंतीची पद्धत वापरते, पण कल्पना जुन्या सरकत्या सरासरीतून नीट कळते आणि ती कागद-पेन्सिलीने करता येते. मे 1960 घ्या. त्या महिन्याचा आकडा 319.87. हंगामाचा चढ-उतार पुसायचा तर पूर्ण वर्षाची सरासरी हवी, म्हणजे उन्हाळा, हिवाळा सगळे एकेकदा मोजले जाऊन एकमेकांना खोडतील. अडचण अशी की बारा ही सम संख्या आहे. बारा महिन्यांचा मध्य कुठल्याच महिन्यावर पडत नाही, दोन महिन्यांच्या फटीत पडतो. म्हणून तेरा महिने घ्यायचे, नोव्हेंबर 1959 ते नोव्हेंबर 1960, आणि दोन्ही टोकांचे नोव्हेंबर अर्धे-अर्धे मोजायचे. दोन अर्ध्यांचा मिळून एक नोव्हेंबर झाला, बाकीचे अकरा महिने पूर्ण, आणि बरोबर मध्ये बसला मे. केवढी साधी युक्ती आहे ही!

दोन नोव्हेंबर 314.66 आणि 314.84 होते, त्यांचे अर्धे मिळून 314.75. मधल्या अकरा महिन्यांची बेरीज 3485.53. एकूण 3800.28, त्याला बाराने भागले की 316.69. हा मे 1960 चा कल. मूळ आकड्यातून तो वजा केला की 3.18 राहतात. असेच सगळ्या वर्षांच्या मे महिन्यांचे करून सरासरी काढली की साधारण 3.0 येते, तो मे महिन्याचा हंगामी वाटा. मग मे 1960 साठी उरले जेमतेम 0.18. म्हणजे 319.87 या आकड्याचे तुकडे असे पडले : 316.69 कल, 3.0 हंगाम, 0.18 शेष. हीच आकडेमोड ऑक्टोबर 1960 साठी केली तर मूळ आकडा कलाच्या सुमारे 3.27 खाली निघतो. मे शिखर, ऑक्टोबर तळ.

या पद्धतीची एक मर्यादा त्या तेरा महिन्यांतच आहे. मालिकेच्या दोन्ही टोकांना सहा-सहा महिन्यांचा कल निघतच नाही, कारण एका बाजूचे शेजारीच नसतात. आर्थिक बातम्यांत ताज्या महिन्यापर्यंत कलाची रेघ काढलेली दिसते, तेव्हा ते शेवटचे टोक कशाने तरी भरून काढलेले असते. नवे आकडे आले की ते टोक हलते. ‘कल आता वळला’ हे विधान नेमक्या त्या हलत्या टोकावरून केले जाते, म्हणून मी त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही.

दुसरी मर्यादा आज्ञेतल्या `periodic` या शब्दात आहे. त्याचा अर्थ, 1959 चा मे आणि 1997 चा मे यांचा हंगामी वाटा अगदी सारखा धरायचा. पण मौना लोआवरचा हा वार्षिक झोका 1960 च्या दशकापासून 1990 च्या दशकापर्यंत सुमारे 20 टक्क्यांनी वाढला, असे हे मोजमाप सुरू करणारे चार्ल्स कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवले. हंगाम गोठवून ठेवला की ही वाढ जाणार कुठे? ती तळाच्या पट्टीत उतरते. एका वर्षावरून ते कळत नाही, पण तळाची रेघ मालिकेच्या दोन टोकांना वर्षाच्या तालावर डोलताना दिसली तर हंगाम बदलतो आहे असे ओळखावे आणि `periodic` च्या जागी एखादी विषम संख्या, उदाहरणार्थ 21, घालून पाहावी. मग हंगामी वाट्याला वर्षागणिक हळूहळू बदलण्याची मुभा मिळते.

तळाच्या पट्टीत अजून एक जागा पाहण्यासारखी आहे. एप्रिल 1964 मध्ये रेघ शून्याखाली जाते. सरकत्या सरासरीने मोजले तर सुमारे 0.46 पीपीएम. एप्रिलमध्ये हवेला काय झाले असेल, असा प्रश्न पडतो. मूळ आकडे पाहा : जानेवारीत 319.41, मग 320.07, 320.74, 321.40 आणि मे महिन्यात 322.06. दर महिन्याला 0.66 किंवा 0.67 ची वाढ, पट्टीने आखावी तशी. खरी हवा अशी चालत नाही. आदल्या वर्षी मार्च ते एप्रिल या एकाच महिन्यात दीड पीपीएमची उडी होती. या मालिकेसोबतच्या टिपणात कारण दिलेले आहे. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल 1964 ची मोजमापे नाहीतच, जानेवारी आणि मे यांच्यामध्ये सरळ रेघ मारून ती भरली आहेत. मे महिन्याचा मोजलेला आकडाही हंगामाच्या मानाने कमीच होता, म्हणून सगळा खड्डा त्या सरळ रेघेचा म्हणता येत नाही. तरी जानेवारी ते मे या काळात हंगामाची रेघ सरळ नसून एप्रिलपाशी फुगलेली असते, आणि ती फुगवटी सपाट केल्यामुळे खड्डा सुमारे पाव पीपीएमने खोल झाला आहे.