वर्गाच्या टीम पाडताना RAND() दरवेळी आकडे का बदलतं?

सोलापूरच्या कुठल्याही शाळेत मुलांना सांगून बघा की तुम्हीच ग्रुप करा, एका गल्लीतली पोरं एकत्र येतात, घरी तेलुगू बोलणारी एकीकडे, कन्नडवाली दुसरीकडे, आणि हुशार म्हणून नाव झालेली चार जणं एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून बरेच सर-मॅडम आता हे काम शीटवर टाकतात, आणि ते योग्यच आहे, फक्त त्यात एक गोम आहे जी नीट समजून घ्यायला हवी.

समजा भुईकोट किल्ल्याच्या सहलीसाठी ४२ मुलांच्या ६ टीम करायच्यात. पहिल्यांदा सुचतं ते म्हणजे प्रत्येक नावापुढे =RANDBETWEEN(1,6) टाकायचं. पण इथे प्रत्येक मुलासाठी वेगळा फासा पडतो, आधीच्या मुलांना काय आलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, त्यामुळे एका टीममध्ये १० आणि दुसरीत ४ असं सहज होतं. सगळ्या टीम बरोबर सात-सातच्या पडायची शक्यता साधारण साडेपाच हजारात एक आहे!

त्यापेक्षा मुलांचा क्रमच पिसायचा. A मध्ये नावं, मग दुसऱ्या ओळीपासून B, C, D मध्ये हे तीन फॉर्म्युले टाकून खाली ओढायचे:

```
B2: =RAND()
C2: =RANK(B2,$B$2:$B$43)
D2: =MOD(C2-1,6)+1
```

RAND() शून्य ते एक यांच्या मधला लांबलचक दशांश देतं, RANK त्यांना मोठ्याकडून लहानाकडे नंबर देतं, आणि MOD तेच नंबर एक ते सहा असे फिरवत वाटतं. म्हणजे मल्लिकार्जुनचा नंबर २३ आला तर २२ ला ६ ने भागून बाकी ४ उरते, त्यात १ मिळवला की टीम ५. त्याच टीममध्ये ५, ११, १७, २९, ३५ आणि ४१ नंबरवाले येणार, एकूण बरोबर सात. बाकावर दोघं-दोघं बसवायची असतील तर D मध्ये =ROUNDUP(C2/2,0) टाका, बाक नंबर मिळतो.

आता गोम. यादी तयार झाली, तुम्ही बाजूच्या मोकळ्या सेलमध्ये फक्त "सहल" असं टाइप केलं आणि एंटर मारला, तर मल्लिकार्जुन टीम ५ मधून टीम २ मध्ये गेलेला असतो, बाकीचेही हललेले असतात. फाइल बिघडलेली नाही. शीट एरवी आळशीपणाने काम करतं, म्हणजे ज्या सेलवर फॉर्म्युला अवलंबून आहे तो बदलला तरच पुन्हा हिशोब करतं. पण RAND() कुठल्याच सेलवर अवलंबून नाही, मग त्याला नवा आकडा कधी द्यायचा हे शीटला कळणार कसं? म्हणून नियमच केलाय की काहीही हिशोब झाला की RAND() पण नव्याने काढायचं. अशा फंक्शनला व्होलाटाइल म्हणतात, NOW() पण त्यातलंच. एक्सेलमध्ये F9 दाबला तरी बदलतं, फाइल उघडली तरी बदलतं, आणि काही न करता बंद करताना सेव्ह करू का विचारतं तेही बऱ्याचदा याचमुळे.

B वर सॉर्ट करणाऱ्यांना तर वाटतं सॉर्ट झालंच नाही. खरं म्हणजे जुन्या आकड्यांप्रमाणे नावं व्यवस्थित हललेली असतात, पण लगेच B मध्ये नवे आकडे आले आणि ते अर्थातच कुठल्या क्रमात नाहीत.

उपाय असा की B चे आकडे गोठवायचे. B2 ते B43 सिलेक्ट करून कॉपी, आणि तिथेच फक्त व्हॅल्यू पेस्ट: गूगल शीट्समध्ये Ctrl+Shift+V, एक्सेलमध्ये Ctrl+Alt+V, मग V आणि एंटर. C, D चे फॉर्म्युले तसेच राहू द्या, ते B वरच चालतात, त्यामुळे B थांबला की तेही थांबतात, आणि कुणी विचारलंच तर हिशोब दाखवता येतो. नक्की गोठलं का ते बघायला B2 वर क्लिक करा, वरच्या फॉर्म्युला बारमध्ये =RAND() दिसलं तर अजून जिवंत आहे, नुसता आकडा दिसला तर झालं. पेस्टनंतर जी यादी दिसते तीच पक्की धरायची, आणि प्रिंट त्याच्यानंतरच काढायची, नाहीतर भिंतीवर एक यादी आणि लॅपटॉपवर दुसरी.

एक मात्र मला मनापासून सांगायचंय. मनासारखी टीम येईपर्यंत F9 दाबत बसलं की निवड शीटने केली असं म्हणता येत नाही, ती तुम्हीच केली, आणि मुलांना ते कळतं. दोघांना वेगळं ठेवायचंच असेल तर तो नियम आधी वर्गात सांगा, पहिल्याच यादीत ते एकत्र आले तर त्यातल्या एकाची पुढच्या टीममधल्या पहिल्या नावाशी अदलाबदल करायची, आणि तीही B गोठवल्यावर, D मध्ये हाताने.