स्मार्टवॉच तापतंय, पण नेमकं केव्हा?

चार्जरवरून काढलेलं स्मार्टवॉच मनगटावर बांधलं की मागची काच कोमट लागते. ही ऊब कुठून येते, ते साध्या हिशोबाने कळतं. समजा, बॅटरी ३०० मिलिअँपिअर-तासांची आहे. ३.८५ व्होल्टच्या हिशोबाने तिच्यात साधारण १.२ वॅट-तास ऊर्जा मावते. ती सव्वा तासात भरायची, तर सरासरी एक वॅट आत जायला हवा. चुंबकाने चिकटणाऱ्या वायरलेस चार्जरमध्ये मात्र बरीच ऊर्जा वाटेतच उष्णता होऊन जाते. आत एक वॅट पोचवायला चार्जरला दीड वॅट लागत असेल, तर उरलेला अर्धा वॅट चार्जर आणि घड्याळाची पाठ तापवतो. बॅटरी भरत आली की चार्जिंगचा प्रवाह कमी होत जातो, म्हणून शेवटी घड्याळ निवायला लागलं पाहिजे.

धावताना गणित वेगळं असतं. जीपीएस आणि हृदयाचे ठोके मोजणारे हिरवे दिवे चालू ठेवून हीच बॅटरी आठ तास टिकत असेल, तर खर्च जेमतेम ०.१५ वॅट. म्हणजे तेव्हा जाणवणारी ऊब बरीचशी आपल्याच अंगाची आणि उन्हाची असते. शिवाय पट्ट्याखालचा घाम वाळत नाही, त्यामुळे तिथली कातडी निवत नाही. सिमवर चालणारं घड्याळ रेंज कमी असलेल्या भागात थोडं जास्त तापतं, तेही साहजिकच. उन्हातून धावून आल्यावर लगेच चार्जिंगला लावलं, तर काही घड्याळं चार्जिंग थांबवतात. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर भरू नये, म्हणून केलेली ती सोय आहे.

संशय घ्यायचा तो कारणाशिवाय येणाऱ्या उष्णतेचा. घड्याळ बंद करून, चार्जरवरून काढून, सावलीत फरशीवर ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत ते फरशीइतकं गार व्हायला हवं. तरीही तापतच राहिलं, तर बॅटरीच्या आत शॉर्ट झालेला असू शकतो. स्क्रीनची एक कड उचललेली दिसली, तर आत वायू साठून बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी. ती कड दाबून बसवू नका आणि घड्याळ पुन्हा चार्जही करू नका. थेट सर्व्हिस सेंटरला न्या. पिनांनी चार्ज होणाऱ्या घड्याळात चटका नेमका पिनांपाशीच बसत असेल, तर घामाच्या मिठाचा पांढरट किंवा हिरवट थर तिथे पाहा. ओलसर कापडाने पुसून, पूर्ण वाळवून मगच चार्जिंगला लावा.

असे प्रकार क्वचित घडतात, पण घडतात. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत फिटबिट आयॉनिक हे घड्याळ परत मागवलं गेलं. तिथे बॅटरी अति तापल्याच्या किमान ११५ तक्रारी आल्या होत्या आणि ७८ जणांना भाजलं होतं. म्हणून मनगटावर चटका बसला, तर आधी घड्याळ उतरवा. ॲपमध्ये काय दिसतंय ते नंतर बघता येईल.