मंगळाची सात वर्षे: फळे जुनी, गणित नंतरचे

मंगळाची महादशा, म्हणजे पत्रिकेनुसार आयुष्यातली मंगळाच्या अमलाची वर्षे, म्हटली की जमीन, धाडस आणि भांडण या तिन्ही गोष्टी ज्योतिषी एका दमात सांगतात. ही सांगड सात वर्षांच्या हिशेबातून आलेली नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहज्जातकात मंगळाच्या दशेचे फळ सांगताना शत्रूचा पाडाव, राजा, भाऊ आणि भूमी यांच्याकडून धन मिळते असे म्हटले आणि त्याच श्लोकात मुले, मित्र, पत्नी व भावंडांशी वैरही सांगितले. लाभ आणि वैर दोन्हींत भाऊ आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वाटणीची जमीन आणि तिच्यावरचा तंटा यांचे मूळ इथेच दिसते. धाडसाचा आधारही त्याच ग्रंथात आहे: तिथे मंगळ हे राशिचक्राला मानवी रूप दिलेल्या कालपुरुषाचे सत्त्व, म्हणजे बळ, आहे आणि ग्रहांमध्ये त्याचे पद सेनापतीचे आहे.

त्या ग्रंथात दशेची लांबी मात्र आजच्यासारखी नाही. तिथे ती ग्रहांनी दिलेल्या आयुष्यावरून निघते. नैसर्गिक दशेत तर मंगळाला दोनच वर्षे आहेत, तीही चंद्राच्या पहिल्या वर्षानंतरची, म्हणजे बालपणातली. सात वर्षे येतात ती १२० वर्षांच्या विंशोत्तरी पद्धतीतून. पराशरांच्या नावावर चालणाऱ्या या पद्धतीत पहिली दशा जन्मनक्षत्राच्या स्वामीची असते आणि बाकीच्या ठरलेल्या क्रमाने येतात.

समजा, जन्मवेळी चंद्र मेषेत २० अंशांवर, म्हणजे भरणीच्या बरोबर मध्यावर आहे. भरणीचा स्वामी शुक्र, त्याच्या २० वर्षांपैकी १० उरतात, पुढे रवीची ६ आणि चंद्राची १०. म्हणजे मंगळ २६व्या वर्षी सुरू होऊन ३३व्या वर्षी संपतो. जन्मवेळ तासाभराने चुकली तर हीच सुरुवात सुमारे दहा महिने सरकते, म्हणून घर घेतल्याची किंवा खटला उभा राहिल्याची तारीख दशेशी जुळत नसेल तर आधी वेळ तपासावी. आर्द्रेवर जन्मलेल्याची सुरुवात राहूपासून होते, म्हणून त्याला मंगळ नव्वदी ओलांडल्यावरच येतो.

वय ठरले तरी फळ ठरत नाही. दशाफळांवरच्या लघुपाराशरी या ग्रंथाने भर दिला तो ग्रह कोणत्या भावांचा, म्हणजे पत्रिकेतल्या स्थानांचा, स्वामी आहे यावर. भरणीच्या त्याच बिंदूवर चंद्र असलेल्या दोन पत्रिका घ्या. सिंह लग्नाला, म्हणजे जन्मवेळी सिंह रास उगवत असेल तर, मंगळ चतुर्थ आणि नवम भावांचा स्वामी, म्हणून योगकारक, म्हणजे विशेष शुभ फळ देणारा. तो चतुर्थात वृश्चिकेत स्वराशीला असेल तर २६ ते ३३ या वर्षांत वास्तू आणि जमीन यांचा योग ठामपणे सांगता येतो. मिथुन लग्नाला तोच मंगळ षष्ठ आणि लाभ भावांचा स्वामी. तो द्वितीयात कर्केत नीच, म्हणजे सर्वांत दुबळ्या राशीत, असेल तर लाभ अगदीच नाकारता येत नाही, पण तो कुटुंबाच्या पैशावरून वाद आणि कर्ज यांच्या वाटेने येतो. इथे धाडसही वाणीतून निघते, कारण द्वितीय हे वाणीचेच स्थान. अशा पत्रिकेत मी तरी नुसती दशा पाहून जमीन घ्या असे सांगणार नाही. आधी कर्केचा स्वामी चंद्र किती बळकट आहे, नीचभंग होतो का, म्हणजे मंगळाचा दुबळेपणा दूर होतो का, हे पाहावे लागते.