पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर टीडीएस: या सूचनेमागचा इतिहास

पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर फॉर्म 19 भरताना, म्हणजे नोकरी सोडल्यावर पूर्ण रक्कम मागताना, एक सूचना समोर येते. नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी झाली असेल आणि रक्कम 50,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर 10 टक्के टीडीएस कापला जाईल, असा तिचा आशय. पॅन जोडलेला असावा आणि पात्र असाल तर ‘माझ्यावर कर लागत नाही, कपात करू नका’ असं जाहीर करणारा फॉर्म, म्हणजे मार्च 2026 पर्यंतचा 15-जी, अपलोड करावा, असंही त्यात असतं. बहुतेकांना वाटतं की हा पीएफ कार्यालयाचा नियम आहे. प्रत्यक्षात तो प्राप्तिकर कायद्याचा आहे, आणि पाच वर्षांची अट पीएफ कार्यालय स्थापन होण्याच्या आधीपासूनची आहे.

1922 च्या प्राप्तिकर कायद्यात 1929 साली मान्यताप्राप्त भविष्य निर्वाह निधींसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आलं. तेव्हा असे निधी मोठ्या कंपन्या आपापल्या विश्वस्त मंडळामार्फत चालवत. निधीत भरलेल्या रकमेवर सरकार करात सवलत देणार, तर तो पैसा खरोखर म्हातारपणासाठी साठला पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. दोन वर्षं नोकरी करून, सवलत घेऊन, पैसे उचलून कुणी निघून जाऊ नये म्हणून सलग पाच वर्षांच्या नोकरीची अट आली. पुढे 1961 च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, भाग अ मधल्या नियम 8 मध्ये तीच अट कायम राहिली. तिला अपवादही जोडलेले होते. आजारपणामुळे, मालकाचा धंदा आटोपल्यामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे नोकरी गेली असेल, तर पाच वर्षं न भरताही रक्कम करमुक्त राहते. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला हा अपवाद लागू होत नाही.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा. सुरुवातीला तो सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, पोलाद, कागद आणि कापड या सहाच उद्योगांना लागू होता. त्यात कापड असल्यामुळे गिरणगावातला कामगार पहिल्या फळीतच पीएफचा सभासद झाला. पुढे कायद्याची व्याप्ती वाढत गेली, पण कराचा नियम प्राप्तिकर कायद्यातच राहिला. पैसे देणारं कार्यालय एकीकडे आणि कर ठरवणारा कायदा दुसरीकडे, अशी ही रचना. आजचा बराचसा गोंधळ त्यातूनच होतो.

2015 पर्यंत हा नियम बऱ्याच अंशी कागदावरच होता. मुदतीआधी पैसे काढले तर कर कसा मोजायचा, ते नियम 9 सांगतो: निधीला सुरुवातीपासून मान्यताच नव्हती असं धरून प्रत्येक वर्षाचा कर पुन्हा काढायचा. नियम 10 प्रमाणे हा कर पैसे देणाऱ्यांनीच कापून घ्यायचा होता. पण त्यासाठी त्या माणसाचं दरवर्षीचं उत्पन्न आणि त्याने भरलेला कर माहीत असावा लागतो, आणि ही माहिती पीएफ कार्यालयाकडे नसते. म्हणून 2015 च्या अर्थसंकल्पात 192-ए हे नवं कलम आलं आणि 1 जून 2015 पासून सरसकट 10 टक्के कपात सुरू झाली. तेव्हाची मर्यादा 30,000 रुपयांची होती. 1 जून 2016 पासून ती 50,000 झाली. पॅन नसलेल्यांकडून आधी कमाल दराने, म्हणजे सुमारे 34.6 टक्के कापलं जाई. कमी पगाराच्या कामगारांवर हा मोठाच अन्याय होता, कारण पॅन नसणारे बहुतेक तेच होते आणि त्यांच्यावर मुळात कर लागतच नव्हता. 1 एप्रिल 2023 पासून हा दर 20 टक्क्यांवर आला.

हे 10 टक्के म्हणजे कर नव्हे, कराची आगाऊ वसुली. खरा कर किती, ते वेगळं मोजावं लागतं. समजा पिंपरीच्या कारखान्यातल्या एका मुलाने एप्रिल 2022 ते मार्च 2025 अशी तीन वर्षं काम केलं. मूळ पगार 15,000. त्याच्या पगारातून दरमहा 1,800 पीएफमध्ये गेले. मालकाच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शन योजनेत आणि 550 पीएफमध्ये जमा झाले. तीन वर्षांत त्याचे 64,800 आणि मालकाचे 19,800 झाले, आणि व्याज धरून शिल्लक साधारण 95,000 वर पोचली. जून 2025 मध्ये त्याने पैसे काढले, 15-जी दिला नाही, आणि सुमारे 9,500 कापले गेले.

आता या रकमेचे तुकडे पाहू. मालकाचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज पगार म्हणून करपात्र ठरतं. स्वतःच्या हिश्श्यावरचं व्याज ‘इतर उत्पन्न’ धरलं जातं. स्वतःचे 64,800 हा त्याचाच, आधी कर लागून गेलेला पैसा. त्यावर पूर्वी 80-सी खाली वजावट घेतली असेल, तरच ती वजावट मागे घेतली जाते. या मुलाचं वर्षाचं उत्पन्न करमर्यादेच्या खालीच असल्यामुळे त्याचा कर शून्य निघतो. कापलेले 9,500 फॉर्म 26-एएस मध्ये त्याच्या पॅनवर दिसतात आणि विवरणपत्र भरलं की परत मिळतात. पण कर लागत नाही म्हणून त्याच्यासारखे कितीतरी जण विवरणपत्रच भरत नाहीत आणि ते पैसे तसेच राहतात. 15-जी वेळेवर दिला असता तर कपातच झाली नसती. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचं उलट होतं. 10 टक्के कापले गेले म्हणून तो निश्चिंत राहतो आणि उरलेला कर पुढे व्याजासकट भरतो. रक्कम 50,000 पेक्षा कमी असली तर टीडीएस कापला जात नाही, पण करपात्र भाग विवरणपत्रात दाखवावाच लागतो.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती पाच वर्षं मोजताना. खात्याचं वय मोजलं जात नाही, नोकरीची वर्षं मोजली जातात. साडेचार वर्षांनी नोकरी सोडून खातं वर्षभर तसंच ठेवलं, तरी अट पूर्ण होत नाही. आधीच्या मालकाकडची वर्षं धरली जातात, पण तिथली शिल्लक नव्या खात्यात वर्ग केलेली असेल तरच. ऑक्टोबर 2014 मध्ये यूएएन आला तेव्हा अनेकांना वाटलं की नंबर एकच आहे, तर नोकरीही सलगच धरली जाणार. पण एका यूएएनखाली प्रत्येक मालकाचा सदस्य क्रमांक वेगळा असतो. पहिल्या कंपनीत तीन आणि दुसरीत अडीच वर्षं केलेल्याने फॉर्म 13 भरून जुनी शिल्लक वर्ग केली असेल, तर साडेपाच वर्षं धरून सगळी रक्कम करमुक्त होते. वर्ग न करता दोन्ही खाती वेगवेगळी काढली, तर एक तीन वर्षांचं आणि एक अडीच वर्षांचं ठरून दोन्हींवर कपात होते. म्हणून फॉर्म 19 भरण्याआधी पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडून पाहावी आणि जुन्या सदस्य क्रमांकाच्या पासबुकात शिल्लक उरली आहे का तेही तपासावं. नोकरी संपल्याचं कारणही तिथे नोंदलेलं असतं. कारखाना बंद पडलेला असताना साधा राजीनामा नोंदला गेला असेल, तर आधी ती नोंद दुरुस्त करून घ्यावी.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा 2025 ने घेतली आहे, त्यामुळे जुन्या सूचनांतले 192-ए, 80-सी, 15-जी, 26-एएस सारखे क्रमांक बदलले आहेत. पाच वर्षांची अट मात्र नव्या कायद्यातही आहे.