रोजचा काटा अहवाल तुमच्याच लॉगिनवर चालतोय? सर्व्हिस अकाउंटसाठी संगणक विभागाला अर्ज असा करा

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत हंगाम सुरू झाला की शेतकी खात्यातल्या एका लिपिकाच्या संगणकावर रोज पहाटे एक काम आपोआप चालतं. आदल्या दिवशी काट्यावर किती गाड्या आल्या, किती टन ऊस उतरला, कोणत्या गटातून आला, याची यादी वजनकाट्याच्या डेटाबेसमधून उचलली जाते, एका फोल्डरमध्ये पडते आणि चार-पाच साहेबांना मेलने जाते. ऊस बिलाचं पुढचं काम याच यादीवर चालतं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे असतात, त्यामुळे एक दिवसाची यादी चुकली तरी लेखा विभागाचा फोन येतो.

हे काम बहुधा त्या लिपिकानंच हौसेनं बसवलेलं असतं, म्हणून ते त्याच्या वैयक्तिक लॉगिनवर चालतं आणि घोटाळाही तिथूनच सुरू होतो. पासवर्ड बदलायची मुदत आली (डोमेनवर काही बदल केला नसेल तर ती ४२ दिवसांची असते) आणि लिपिकानं नवा पासवर्ड ठेवला, तरी ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या Task Scheduler मध्ये जुनाच साठवलेला राहतो. दुसऱ्या दिवशी यादी येत नाही. टास्क अपयशी झाल्यावर दर काही मिनिटांनी पुन्हा चालेल असं लावून ठेवलं असेल, तर जुन्या पासवर्डानं ती वारंवार दार ठोठावते आणि लिपिकाचं खातंच लॉक होतं. सकाळी खुर्चीवर बसलेला माणूस म्हणतो, "मी तर काहीच केलं नाही!" आणि ते खरंच असतं.

हाच दोष आहे की दुसरा, हे ओळखायला Task Scheduler मधला `Last Run Result` हा रकाना बघा. तिथं `0x8007052E` असेल तर लॉगिनचं नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. `0x1` असेल तर पासवर्ड नव्हे, आतल्या कामातच काहीतरी अडलं आहे. त्यावर सर्व्हिस अकाउंट हा उपाय नाही.

कोणाला मागता येतं

सर्व्हिस अकाउंट म्हणजे माणसाचं नव्हे, कामाचं खातं. संगणक विभाग (जुनी मंडळी अजून ईडीपीच म्हणतात) अर्ज हातात घेतल्यावर मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. काम ठरल्या वेळी, कुणी समोर न बसता चालतं का? त्यातून निघणारा अहवाल कार्यालयाचा आहे, की एकट्याच्या सोयीचा? आणि त्या खात्याची जबाबदारी घेणारा कायम कर्मचारी आहे का? रोज सकाळी तुम्ही स्वतः बटण दाबून यादी काढत असाल तर तुमचं लॉगिनच योग्य आहे, अर्ज करू नका.

एक मागणी हमखास परत येते: "तिन्ही पाळ्यांतल्या लिपिकांना वापरायला एक सामाईक लॉगिन द्यावे." ते सर्व्हिस अकाउंट नव्हे. काटा पावती कुणी दुरुस्त केली ते पुढे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून ते नाकारतात आणि बरोबरच करतात.

अर्जासोबत काय लावायचं

कागद फार नाहीत. पहिला, चालू टास्कचा तपशील. तो हातानं लिहू नका, कमांड प्रॉम्प्टवर ही ओळ चालवून येईल तोच मजकूर जोडा:

```
schtasks /query /tn "Daily Weight" /v /fo LIST
```

त्यात टास्क कोणत्या नावावर चालते (`Run As User`), कधी चालते, शेवटचा निकाल काय, सगळं येतं. निकाल इथं `-2147023570` असा लांबलचक दिसला तर घाबरू नका, तो वरचाच `0x8007052E` आहे.

दुसरा, ही टास्क कुठे कुठे हात घालते त्याची यादी: कोणता डेटाबेस, कोणतं फोल्डर, कोणाला मेल. फोल्डरचा मार्ग स्क्रीनवर दिसतो तसाच लिहा. आपल्या भागात याला कारण आहे. जिल्ह्याचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, पण सर्व्हरवरच्या कित्येक फोल्डरांची नावं अजून `Belgaum` आहेत, आणि निपाणीच्या इंग्रजी स्पेलिंगात कुठे एक p असतो, कुठे दोन. पत्रात तुम्ही `Belagavi` लिहिलंत तर अधिकार भलत्याच फोल्डरवर मिळतील, किंवा असं फोल्डरच नाही म्हणून अर्ज परत येईल.

तिसरा, माहितीच्या मालकाची संमती. काट्याची माहिती शेतकी खात्याची, म्हणून मुख्य शेतकी अधिकाऱ्यांची सही. अहवालात शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक येत असतील तर लेखा विभागाचीही सही लागेल. ते आकडे अहवालात लागतच नसतील तर आधी काढून टाका, एक सही वाचेल. तुमचा पासवर्ड मात्र कुठल्याच कागदावर लिहायचा नाही. आवक-जावकातून गेलेलं पत्र किती टेबलांवर पडतं ते आपण जाणतोच.

पत्र

संगणक विभाग मुख्य कार्यालयात असेल तर पत्र सहसा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये जातं. मजकूर समजून घ्यायला इथं मराठीत देतो. भाषांतर करताना स्क्रीनवरची नावं आहेत तशी ठेवा.

> प्रति,
> मा. व्यवस्थापक, संगणक विभाग
> मार्फत: मुख्य शेतकी अधिकारी
>
> विषय: रोजच्या काटा अहवालासाठी स्वतंत्र सर्व्हिस अकाउंट मिळणेबाबत
>
> महोदय,
> शेतकी विभागाचा काटा अहवाल रोज सकाळी ६.३० वाजता `SHETKI-PC2` या संगणकावरील `Daily Weight` या टास्कमधून तयार होतो. ही टास्क माझ्या वैयक्तिक लॉगिनवर चालते. माझा पासवर्ड बदलल्यामुळे गेल्या महिन्यात दोनदा अहवाल निघाला नाही व एकदा माझे खाते लॉक झाले. तसेच माझ्या लॉगिनला काटा पावती दुरुस्तीचा अधिकार असून या टास्कला त्याची गरज नाही.
>
> तरी `svc_weightrpt` या किंवा आपण सुचवाल त्या नावाचे खाते मिळावे. त्यास पुढील अधिकार असावेत: काटा डेटाबेसमधील अहवालाचा तक्ता फक्त वाचणे, अहवालाच्या एका फोल्डरमध्ये लिहिणे, विभागाच्या पत्त्यावरून मेल पाठवणे, व वरील संगणकावर `Log on as a batch job`.
>
> पावती दुरुस्ती, स्क्रीनवरून लॉगिन, रिमोट डेस्कटॉप, इंटरनेट व अ‍ॅडमिन अधिकार यांची आवश्यकता नाही.
>
> खात्याची जबाबदारी माझ्याकडे व माझ्या गैरहजेरीत कार्यालय अधीक्षकांकडे राहील. माझी बदली अथवा निवृत्ती झाल्यास नवे नाव विभाग लेखी कळवील. गाळप हंगाम संपल्यावर टास्क बंद राहील, मात्र खाते काढून टाकू नये, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही, पदनाम, कर्मचारी क्रमांक)

"काय नको" हा परिच्छेद बरेच जण गाळतात. मला विचाराल तर अर्ज लवकर मंजूर होतो तो त्याच्यामुळे. संगणक विभागाला भीती असते ती तुम्ही मागितलेल्या अधिकारांची नाही, पुढे हळूच वाढत जाणाऱ्यांची.

मंजुरीनंतर

खातं दोन प्रकारचं मिळू शकतं. एक साधं, ज्याचा पासवर्ड संगणक विभाग ठेवतो आणि टास्कमध्ये स्वतः भरून देतो. दुसरं gMSA, ज्याचा पासवर्ड सर्व्हरच तयार करतो आणि ठरावीक काळानं स्वतः बदलतो, नेहमीची मुदत ३० दिवसांची. तो कुणा माणसाला माहीत असावा लागत नाही, म्हणून निवड असेल तर हेच घ्या. याचं नाव १५ अक्षरांच्या आत बसवावं लागतं, वरचं नाव १३ अक्षरांचं आहे ते त्यासाठीच. दोन्हींत तुमच्या हातात पासवर्ड येणार नाही. त्याबद्दल रुसू नका, आला असता तर ते पुन्हा तुमचंच लॉगिन झालं असतं.

नवं खातं लावल्यावर पहिल्याच सकाळी काम अडण्याची शक्यता मोठी, कारण जुनी टास्क तुमच्या लॉगिनच्या कितीतरी सोयी गुपचूप वापरत होती. तुमच्या संगणकावरचा `Z:` ड्राइव्ह हा तुमच्या लॉगिनचा, नव्या खात्याला तो दिसतच नाही. म्हणून टास्क जी फाइल चालवते तिच्यात `Z:` काढून `\\` नं सुरू होणारा पूर्ण मार्ग लिहावा लागतो. डेटाबेसशी जोडणी विंडोजच्या लॉगिननं होत असेल तर तिथंही नव्या खात्याची नोंद लागते. SQL Server वर ती राहिली तर `Login failed for user` आणि 18456 हा क्रमांक दिसतो. मेल तुमच्या आउटलुकमधून जात असेल तर तो जाणार नाही, कारण नव्या खात्याला आउटलुकचं प्रोफाइलच नाही. कार्यालयाच्या मेल सर्व्हरमधून पाठवायची सोय पत्रासोबतच मागून घ्या. यादी एक्सेल उघडून बनत असेल तर ती CSV करा. कुणी समोर नसताना एक्सेल असं चालवणं मायक्रोसॉफ्टच्या मते योग्य नाही, आणि एखादी खिडकी "सेव्ह करू का?" असं विचारत कुणाला न दिसता रात्रभर उभी राहते.

म्हणून जुनी टास्क लगेच काढू नका. नवी टास्क वेगळ्या फोल्डरमध्ये दोन-तीन दिवस चालवा, पण मेल एकीकडूनच जाऊ द्या, नाहीतर साहेबांना दोन याद्या जातील. रोज दोन्ही याद्यांतल्या गाड्यांची संख्या आणि एकूण टन ताडून पाहा. नव्या यादीत एखाद्या गटाच्या गाड्या नसतील, तर त्या गटाचा तक्ता वाचायचा अधिकार राहून गेला असण्याची शक्यता आहे. आकडे जुळले की जुनी टास्क `Disable` करा, आणि आठवडाभर काही तक्रार आली नाही की काढून टाका.

मग मुद्दाम स्वतःचा पासवर्ड बदला. दुसऱ्या दिवशी ६.३० ला यादी आली, निकाल `0x0` आहे आणि तुमचं खातं लॉक नाही, तर काम खरंच सुटलं. लॉक झालंच, तर बहुधा दुसऱ्या एखाद्या टास्कमध्ये तुमचं नाव अजून आहे. वरचीच कमांड `/tn` चा भाग गाळून चालवा आणि `Run As User` मध्ये स्वतःचं नाव शोधा.

हंगाम मार्च-एप्रिलला संपला की हे खातं पुढच्या नोव्हेंबरपर्यंत निजून राहतं. बऱ्याच ठिकाणी ९० दिवस न वापरलेली खाती आपोआप बंद होतात. पत्रातल्या त्या शेवटच्या विनंतीचं कारण हेच. तरी बॉयलर पेटण्याच्या आठवडाभर आधी टास्क एकदा हातानं चालवून बघा, म्हणजे खातं बंद पडलेलं असलं तर ते पहिल्या गाडीच्या आधी कळेल.