मोहेंजोदडोची मोरी आणि गल्लीतले गटार

सिंधमधील मोहेंजोदडो या नगरात १९२० च्या दशकात उत्खनन सुरू झाले. या नगराची भरभराट इसवी सनपूर्व २६०० ते १९०० या काळात झाली. तिथे राजवाडा म्हणता येईल अशी इमारत निर्विवादपणे सापडलेली नाही, राजाचे नाव ठाऊक नाही आणि मुद्रांवरील लिपी आजही वाचता येत नाही. त्यामुळे या नगराचा कारभार कसा चालत असावा, या प्रश्नाचे उत्तर विटांमध्ये आणि विशेषतः सांडपाण्याच्या वाटेत शोधावे लागते.

सुरुवात घरातल्या मोरीपासून करू. अनेक घरांत स्नानाची वेगळी जागा असे. तिथली जमीन घासून गुळगुळीत केलेल्या भाजक्या विटांची असून विटांचे सांधे इतके घट्ट बसवलेले असत की पाणी मुरायला फारसा वाव राहत नसे. जमिनीला एका कोपऱ्याकडे उतार दिलेला असे आणि त्या कोपऱ्यातून पाणी भिंतीतल्या पन्हळीवाटे बाहेर पडे. ही मोरी बहुधा घराच्या रस्त्याकडच्या बाजूला आढळते, म्हणजेच घराचा आराखडा ठरवतानाच बांधणाऱ्याने बाहेरच्या गटाराचा विचार केलेला असे.

बाहेरचे गटार साधारण अर्धा मीटर खोल आणि जेमतेम वीतभर रुंद असे. त्याच्यावर विटा किंवा दगडी फरश्या नुसत्याच मांडलेल्या असत, कारण साफसफाईसाठी त्या उचलाव्या लागत. गटार जिथे जास्त रुंद असे, तिथे दोन्ही बाजूंनी एकेक वीट थोडी थोडी पुढे सरकवत वरचे अंतर मिटवलेले दिसते. गटाराचा उतार मीटरमागे सुमारे २ सेंटिमीटर असल्याचे मोजमापांतून दिसते.

या उतारातच संघटनेचा सर्वांत सबळ पुरावा आहे, असे मला वाटते. ५० मीटर लांबीच्या गल्लीत या प्रमाणाने गटार नेले, तर वरच्या टोकापेक्षा खालच्या टोकाचा तळ पूर्ण १ मीटर खाली जातो. मधल्या एखाद्या घरमालकाने आपल्या दारासमोरचा तुकडा मनाप्रमाणे उंच बांधला, तर पाणी त्याच्या वरच्या शेजाऱ्यांकडे तुंबेल. विहीर एकट्याला खणता येते. उताराचे गटार मात्र एकट्याला बांधता येत नाही. त्यासाठी गल्लीची पातळी कुणीतरी एकदा ठरवावी लागते आणि ती सर्वांनी पाळावी लागते.

बांधलेले गटार चालू ठेवणे हे त्याहून अवघड काम आहे. घरातले पाणी अनेक ठिकाणी थेट गटारात न सोडता आधी एखाद्या खड्ड्यात किंवा मातीच्या रांजणात पडत असे, जेणेकरून गाळ खाली बसावा आणि वरचे पाणी पुढे जावे. हे खड्डे वेळोवेळी उपसावे लागत. गटारांच्या कडेला वाळूमिश्रित गाळाचे लहान ढीग सापडले, ते अशाच उपशाचे असावेत. शिवाय पडक्या घरांच्या ढिगाऱ्यावर नवी घरे उभी राहत गेली तशी रस्त्याची पातळी वर चढत गेली, आणि तिच्याबरोबर गटारांच्या व विहिरींच्या भिंतीही विटांचे थर चढवून उंच केलेल्या दिसतात. आरंभीच्या आराखड्याइतकाच हा चढत गेलेला थर बोलका आहे, कारण आखणी एका पिढीचे काम असू शकते, पण पातळी पिढ्यानपिढ्या सांभाळणे हे चालू व्यवस्थेचेच लक्षण आहे. विटांची जाडी, रुंदी आणि लांबी बहुतांशी १:२:४ या प्रमाणात असल्यामुळे जुन्या कामावर नवे काम चढवणे गवंड्यांना सोपे गेले असणार.

मात्र या पुराव्याला मर्यादाही आहेत. सगळे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनात होते, हे वर्णन अतिशयोक्त आहे. मुख्य रस्ते ढोबळमानाने सरळ आहेत, पण आतल्या गल्ल्या वळणे घेतात. सगळी घरेही गटाराला जोडलेली नव्हती आणि काहींचे पाणी रांजणात पडून जमिनीतच मुरे. तसेच सामायिक पातळी पाळली जात होती एवढ्यावरून ती पाळायला लावणारा राजाच असला पाहिजे, असा निष्कर्ष निघत नाही. पेठेपेठेतील घरांच्या मंडळांनीही हे काम केले असू शकते, आणि अभ्यासकांमध्ये यावर आजही मतभेद आहेत.

ही शिस्त पुढे सैल झाली, हेही त्याच मातीतून कळते. वरच्या, म्हणजे उत्तरकाळातल्या थरांत बांधकाम ओबडधोबड होते, मोठ्या घरांचे लहान लहान भाग पाडलेले दिसतात, आणि एका ठिकाणी तर कुंभाराची भट्टी थेट रस्त्यातच उभारलेली आढळली.