सीटिंग चार्ट आणि टेबल नंबर कार्डे (मंद प्रकाशातील)

समारंभाच्या सभागृहात कोणत्या पाहुण्याने कोणत्या टेबलावर बसायचे हे सांगणारा प्रवेशाजवळचा फलक म्हणजे सीटिंग चार्ट, आणि टेबलाची ओळख पटवणारे कार्ड म्हणजे टेबल नंबर कार्ड. दोन्ही संगणकाच्या पडद्यावर तयार होतात आणि गफलतीचे मूळ बहुधा तिथेच असते. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद मात्र अंगावर पडलेला प्रकाशच परत पाठवतो. कार्यालयात साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. दिवे मंद केलेल्या सभागृहात तो १०-२० लक्सपर्यंत उतरू शकतो. एवढ्या प्रकाशात डोळ्याला बारीक तपशील दिसेनासे होतात. वयस्कर पाहुण्यांची अडचण अधिक, कारण वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते आणि आत पोहोचणारा प्रकाश घटतो.

अक्षराचा आकार वाचनाच्या अंतरावरून ठरवावा. मंद प्रकाशासाठी अंतराचा दीडशेवा भाग ही अक्षराची किमान उंची धरणे सोयीचे आहे. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी, वरखालच्या मात्रा सोडून. उदाहरणार्थ, १६० पाहुणे आणि प्रत्येकी ८ जणांची २० टेबले असतील, तर ६० × ९० सेंमीच्या उभ्या फलकावर चार स्तंभांत प्रत्येकी ४० नावे येतात. शीर्षक आणि समास वगळून ७० सेंमी उंची उरली, तर प्रत्येक ओळीला साडेसतरा मिमी मिळतात. त्यात ८ मिमी उंचीचे अक्षर बसते आणि वेलांट्या-उकारांना श्वास घ्यायला जागा राहते. हे अक्षर सुमारे १.२ मीटरवरून वाचता येते, म्हणजे पुढे एक माणूस उभा असला तरी मागच्याला नाव सापडते. पाहुणे ३०० झाले तर अक्षर लहान करू नये. फलक दोन करावेत आणि नावे अक्षरक्रमाने विभागून ते थोडे दूर-दूर ठेवावेत.

नावे टेबलवार न लावता अक्षरक्रमाने लावणे हाच शहाणपणा. टेबलवार यादी नीटनेटकी दिसते खरी, पण पाहुण्याला आपले नाव माहीत असते, टेबल नाही. त्याला सरासरी निम्मी यादी चाळावी लागते आणि दारात गर्दी साचते.

रंगाच्या बाबतीत दुधाळ कागदावरची सोनेरी अक्षरे सर्वांत फसवी. सोनेरी फॉइल आरशासारखे वागते: समोर दिवा असला तर चमकते, अंधार असला तर काळपट दिसते, आणि मधल्या कोनात कागदात मिसळून जाते. पांढऱ्या मॅट कागदावर काळी किंवा गडद निळी, मध्यम जाडीची अक्षरे घ्यावीत. लफ्फेदार, केसाएवढ्या रेषांचा फॉन्ट शीर्षकापुरताच ठेवावा. सजावटीसाठी लाल दिवे असतील तर लाल शाई वर्ज्य. त्या उजेडात पांढरा कागदही लालच दिसतो आणि अक्षर पुसल्यासारखे होते. चकचकीत लॅमिनेशन आणि काच दिव्यांचे प्रतिबिंब दाखवतात, म्हणून तीही टाळलेली बरी.

फलकाला स्वतःचा दिवा हवाच. तो वरून, समोरच्या बाजूने, सुमारे ४५ अंशांत यावा. फलकामागे प्रखर दिवा किंवा खिडकी असेल तर डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि फलक काळा दिसतो.

कार्डांचे गणित निराळे आहे, कारण ती दुरून शोधली जातात. दहा मीटरवरून वाचायचा अंक किमान ६७ मिमी उंच लागतो. ए६ आकारात तो मावतो, ए५ मध्ये १०० मिमीचा अंक सहज बसतो. ‘टेबल क्रमांक’ हे शब्द बारीक असले किंवा नसलेच तरी चालते. देवनागरीत १ आणि ९, तर इंग्रजी अंकांत 6 आणि 9 यांची गल्लत होते. म्हणून त्यांचे आकार स्पष्ट वेगळे असलेला फॉन्ट निवडावा आणि कार्ड दोन्ही बाजूंनी छापावे.

मोठा अंकही बसलेल्या माणसांमागे दडतो. उभ्या पाहुण्याचा डोळा जमिनीपासून १५५ सेंमीवर आणि तीन मीटरवर बसलेल्याचे डोके १३० सेंमीवर असेल, तर त्या डोक्यावरून जाणारी नजर सहा मीटरवर १०५ सेंमीपर्यंत उतरते. टेबल ७५ सेंमी उंच धरले तर कार्डाची खालची कड टेबलापासून किमान ३० सेंमी वर हवी. फुलांची मांडणी त्याहून उंच असेल तर स्टँड आणखी वाढवावा लागतो.

छपाईपूर्वी फलकाचा एक तुकडा आणि एक कार्ड खऱ्या आकारात छापून अंधाऱ्या खोलीत ३० सेंमीवरच्या एकाच मेणबत्तीत पाहावे. तिथे सुमारे १० लक्स प्रकाश मिळतो. फलकाचा तुकडा १.२ मीटरवरून, कार्ड खोलीत मिळेल तितक्या लांबून, आणि शक्यतो साठीपुढच्या माणसाकडून वाचून घ्यावे. मोबाइलने काढलेल्या फोटोवर भिस्त ठेवू नये. कॅमेरा अंधार आपोआप उजळवतो.